घडी कुठे पडते? चेन लावण्याच्या तीन रीती

सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्याच्या मोती चौकाच्या आसपास कापडाच्या दुकानात गेले की हल्ली खण वारावर मिळतो. एकेकाळी गुळेदगुड्डहून येणारा खण चोळीपुरता, त्रिकोणी घडीत मिळायचा. आता त्याच वाणाचे कापड मीटरने कापून घेतात आणि त्याचे कुर्ते, जाकिटे, मुलींचे फ्रॉक आणि वन-पीस शिवतात. चोळीला गाठ किंवा हूक पुरत होते. अंगाबरोबर बसणारा वन-पीस मात्र चेनशिवाय अंगात चढत नाही. खणाच्या वन-पीसला बहुतेक वेळा पाठीमागे छुपी चेन लावली जाते आणि तक्रार नेहमी एकाच ठिकाणची असते. चेन मानेपासून सरळ खाली येते आणि कमरेच्या शिवणीशी अडते. जोर लावला तर रनर तिथून कसाबसा सरकतो, थोड्या दिवसांनी नेमके तिथेच दात फाकतात, आणि दोष चेनच्या दर्जाला दिला जातो. चेन स्वस्तातली असूही शकते, पण कमरेशीच का अडली याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर कापडाच्या घडीत आहे. या प्रकरणाचे म्हणणे असे की छुपी, झाकलेली आणि उघडी या तीन रीतींतून निवड करताना चेन दिसावी की नाही हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की दातांच्या शेजारी कापडाची घडी कुठे पडणार आणि ती तिथे पडायला कापड राजी आहे का.

तिन्ही रीतींमधला खरा फरक घडीच्या जागेचा आहे. छुप्या चेनमध्ये दात पट्टीच्या मागच्या अंगाला वळवलेले असतात. शिलाई दातांच्या अगदी मुळाशी जाते, त्यामुळे कापडाची घडी दातांच्या काठावरच पडते. दोन्ही बाजूंच्या घड्या एकमेकींना टेकतात आणि बाहेरून साधी शिवण दिसते. रनर मात्र आतून, या दोन घड्यांना घासतच फिरतो. झाकलेल्या रीतीत साधी चेन वापरतात. एका बाजूची घडी दातांजवळ असते, पण दुसऱ्या बाजूची घडी दातांना ओलांडून पुढे येते आणि झाकणासारखी पडून राहते. जिच्यामुळे ती जागेवर राहते ती शिलाई घडीपासून साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर आत असते, म्हणून रनरला मोकळी वाट मिळते. उघड्या रीतीत घडी दातांपासून दोन्हीकडे मागे घेतलेली असते, किंवा घडीच नसते, कडेला पट्टी बांधलेली असते. म्हणजे पहिल्या रीतीत कापडाने दातांना चिकटून दुमडले पाहिजे, दुसरीत एका बाजूने पुरेसे रुंद दुमडून सपाट पडले पाहिजे, आणि तिसरीत दुमडले नाही तरी चालते. कापड जितके पातळ, घट्ट विणीचे आणि इस्त्रीची घडी धरणारे, तितकी पहिली रीत त्याला सोपी. ते जसजसे जाड, लवदार किंवा उसळणारे होत जाते, तसतसे तिसरीकडे सरकावे लागते.

खण या मोजपट्टीवर कुठे बसतो? एकेरी खण जाड नाही, घडीही चांगली धरतो. त्याच्या अडचणी दोन. कापलेल्या कडेचे धागे फार लवकर सुटतात, आणि नक्षीचे काही धागे उलट बाजूला सुटे, तरंगते राहतात. रनर फिरतो तो उलट बाजूनेच, त्यामुळे असा एखादा सुटा धागा दातांत शिरला की चेन अडते. पण खणाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. त्याची सगळी शोभा बारीक, सलग बुट्ट्यांची आणि काठाची असते. पाठीच्या मध्यावर सव्वा सेंटिमीटर रुंदीचे झाकण आणि त्याच्या कडेने जाणारी वरची शिलाई आली, की ती ओळ तुटलेली दिसते. शिवाय रेशमी आणि आर्ट सिल्कच्या खणावर सुईची भोके राहून जातात. वरची शिलाई पुढे कधी उसवली तरी तिची रेघ पुसत नाही. म्हणून खणाच्या वन-पीसला छुपी चेन हीच पहिली पसंती असावी, असे माझे मत आहे. अट एकच, की घडीच्या जागी खणाला आधी तयार करून घ्यायचे.

ही तयारी एका नमुन्यावर सविस्तर पाहू. समजा पाठीची उंची मानेपासून कमरेपर्यंत १५ इंच आहे. वन-पीस नितंबांवरून सहज चढायला हवा, म्हणून कमरेखाली आणखी ७ इंच उघडे ठेवायचे. उघडी जागा झाली २२ इंच, चेन घ्यायची २४ इंची. छुपी चेन नेहमी उघड्या जागेपेक्षा इंच-दोन इंच लांब लागते, कारण शिवताना रनर खाली सारून ठेवावा लागतो आणि तो जिथे थांबतो तिथपर्यंत शिलाई पोहोचत नाही. पाठीच्या मध्यावर १ इंच माया ठेवायची. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. इथे ती कपडा पुढे सैल करण्यासाठी कमी आणि घडीला बळ देण्यासाठी जास्त आहे. मग उलट बाजूला, शिवणीची रेघ मध्ये येईल अशी, इंचभर रुंद पातळ फ्युजिंगची पट्टी इस्त्रीने चिकटवायची. तिने दोन कामे एकदम होतात. घडी ताठ, सरळ पडते आणि उलट बाजूचे तरंगते धागे तिच्याखाली बंद होतात. आर्ट सिल्कचा खण जास्त उष्णतेने आकसतो, म्हणून ही पट्टी आधी तुकड्यावर चिकटवून पाहावी. त्यानंतरच कडांना इंटरलॉक करायचे. 

आता कंबर. खालच्या घेराला चुण्या असतील तर कमरेच्या शिवणीत वरच्या भागाची माया, चुणीदार घेराची माया आणि अस्तराची माया एकावर एक येतात. शिवण वरच्या अंगाला दुमडली असेल तर शिवणीच्या एकाच बाजूला, चेनशेजारच्या अर्ध्या इंचात, कापडाचे पाच-सहा पदर जमतात. ती घडी चेनच्या दातांजवळ पुन्हा वळली की पदर दुप्पट होतात. रनर जिथे अडतो ती जागा हीच. उपाय चेन लावण्याआधी करायचा असतो. चेनच्या दोन्ही बाजूंना इंचभर अंतरात चुण्या घ्यायच्याच नाहीत, तिथे कापड सपाट ठेवायचे. तेवढ्या भागात कमरेची शिवण दोन्हीकडे उघडून दाबायची, म्हणजे अर्धी माया वर आणि अर्धी खाली जाईल. आणि वरच्या भागाची व घेराची माया एकसारखी न ठेवता एक दुसरीपेक्षा थोडी कमी कापायची, म्हणजे जाडी एकदम न चढता पायरीपायरीने चढेल. अस्तर या शिवणीत अडकवायचेच नाही. ते वेगळे शिवून शेवटी चेनच्या पट्टीला जोडायचे, आणि जोडताना त्याची कड दातांपासून तीन-चार मिलिमीटर मागे ठेवायची. अस्तर बहुधा पातळ आणि निसटते असते, दातांजवळ आले तर रनर तेच आधी पकडतो.

छुपी चेन पाठीची शिवण बंद करण्याआधी लावतात. आधी चेन उघडून, तिच्या उलट बाजूने, दात पट्टीपासून उभे राहतील अशी हलकी इस्त्री फिरवायची. सुती कपड्याच्या तापमानाची इस्त्री नायलॉनचे दात वाकवते, म्हणून रेशमाच्या खुणेवर ठेवायची. मग उजव्या भागाच्या सुलट बाजूवर चेन पालथी ठेवायची, दात शिवणीच्या रेघेवर आणि पट्टी मायेकडे. इथे एक चूक फार होते. चेनची पट्टी जेमतेम अर्धा इंच रुंद असते आणि माया १ इंच. सवयीने पट्टीची कड कापडाच्या कडेला जुळवली तर चेन प्रत्येक बाजूला अर्धा इंच बाहेर सरकते आणि वन-पीस एकूण एक इंच सैल होतो. म्हणून खडूने शिवणीची रेघ काढून तिच्यावरच दात ठेवायचे. मशीनला छुप्या चेनचा दोन खाचांचा फूट लावला की दात एका खाचेत उभे राहतात आणि सुई त्यांच्या मुळाशी पडते. वरून सुरू करून रनरपर्यंत शिवायचे. मग चेन बंद करून दुसऱ्या पट्टीवर कमरेची रेघ खडूने उतरवून घ्यायची. चेन पुन्हा उघडून डाव्या भागाची कंबर त्याच खुणेवर टाचणीने पक्की करायची. दुसरी बाजूही वरूनच खाली शिवायची. एक बाजू वरून आणि दुसरी खालून शिवली तर कापड उलट दिशांना सरकते आणि कंबर दोन-तीन मिलिमीटर वरखाली होते. खणाच्या बुट्ट्यांच्या ओळीत ते दुरूनही दिसते. शेवटी एका बाजूच्या फूटने खालची शिवण पूर्ण करायची. चेनचे शेपूट बाजूला धरून, आधीच्या शिलाईच्या शेवटच्या टाक्याच्या किंचित वरपासून ती सुरू करायची. तिथे फट राहिली तर चेनच्या टोकाशी फुगा येतो आणि इस्त्रीने तो बसत नाही.

काम नीट झाले की नाही हे सुलट बाजूवरून तपासता येते. चेन बंद केल्यावर पट्टीचा रंग दिसत असेल तर शिलाई दातांपासून लांब गेली आहे. फूट पुन्हा नीट लावून, पहिल्या शिलाईच्या आतून एक शिलाई मारली की काम होते. रनर सगळीकडेच जड चालत असेल तर शिलाई दातांवर चढली आहे, ती उसवावीच लागते. एकाच जागी जड असेल तर जाडी जमलेली आहे. शिवणीला लाटा आल्या असतील तर शिवताना कापड ताणले गेले आहे.

यावर शिवणकाम जाणणाऱ्यांचा एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. एवढी तयारी करायचीच, तर त्यापेक्षा जाड क्रमांकाची छुपी चेन का लावू नये? चेनचा क्रमांक ढोबळमानाने बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. ३ ऐवजी ५ क्रमांकाची चेन घेतली तर दात मजबूत होतील हे खरे. पण छुप्या रीतीत कापडाला त्याच दातांभोवती वळायचे असते. दात जाड झाले की घडी आणखी मोठ्या वळणाने घ्यावी लागते आणि शिवण मध्ये उचललेली, उभी कड आल्यासारखी दिसते. म्हणजे ज्या कारणासाठी छुपी चेन निवडली तेच निघून जाते. ताण फार असेल, म्हणजे वन-पीस कमरेला अगदी घट्ट असेल किंवा घेर अस्तरासकट भरपूर जड असेल, तर जाड छुप्या चेनपेक्षा रीतच बदलणे योग्य. ताण किती हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही. कच्च्या शिलाईवर कपडा घालून बसून पाहावे. पाठीमागे शिवण उघडू पाहत असेल, धावदोऱ्याचे टाके दिसत असतील, तर छुपी चेन तो ताण रोज सहन करणार नाही. मग खणालाही झाकलेली चेन लावावी. फक्त झाकणाची शिलाई मशीनने न मारता हाताने, सुलट बाजूला टिपक्याएवढा टाका दिसेल अशी घालावी. भोके कमी पडतात आणि ती बुट्ट्यांत लपतात. दुसरे म्हणजे वरच्या टोकाला हूक आणि डोळा लावावा. चेनच्या वरच्या टोकावरचा ओढा हूक घेतो, रनर घेत नाही.

झाकलेली चेन जुनाट दिसते, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. ती कुठे वापरली आहे यावर ते ठरते. शाळेच्या गणवेशाचा स्कर्ट घ्या. कापड टेरिकॉटचे, धुणे रोजचे, इस्त्री कडक, वाळवणे माणदेशातल्या उन्हात, आणि घालणारी मुलगी घाईत चेन ओढणारी. छुप्या चेनचे दात या इस्त्रीत वाकतात. साधी चेन झाकणाखाली सुरक्षित राहते आणि इस्त्री झाकणावर फिरते. इचलकरंजीच्या पॉपलिनसारख्या सुती कापडाच्या स्कर्टलाही हेच लागू होते. सुती घडी सपाट बसते, वरची शिलाई तिच्यावर शोभते, भोके एका धुण्यात भरून येतात. ही चेन डाव्या बाजूच्या शिवणीत लावताना मागच्या भागाची माया शिवणीच्या रेघेवर न दुमडता तीन मिलिमीटर बाहेर दुमडायची आणि दातांजवळ शिवायची. ते तीन मिलिमीटरच या रीतीचे मर्म आहे. तेवढे कापड झाकणाखाली सरकते, म्हणून हालचालीत झाकण थोडे उचलले तरी आत दात दिसत नाहीत, दुमडलेले कापडच दिसते. ते न सोडता मागचा भाग नेमक्या रेघेवर दुमडला, तर झाकण कितीही रुंद केले तरी चेन डोकावते. मग शिवणारा झाकण आणखी रुंद करत जातो आणि स्कर्ट बाजूला फुगतो. चेन तुटली तर बदलणेही इथे सोपे असते. झाकणाची एक आणि मागची एक अशा दोन सरळ शिलाया उसवायच्या, नवी चेन त्याच घड्यांत बसते. दरवर्षी वाढणाऱ्या मुलीच्या कपड्यात हे महत्त्वाचे आहे. पण कपडा सैल करण्यासाठीची माया चेनच्या शिवणीत ठेवू नये, दुसऱ्या बाजूच्या शिवणीत ठेवावी. चेन उसवून सरकवण्यापेक्षा एक साधी शिवण सोडणे केव्हाही सोपे.

उघड्या चेनबद्दल दोन टोकांची मते आढळतात. काहींना ती अर्धवट राहिलेले काम वाटते, काहींना ती कुठेही चालणारी फॅशन वाटते. चेन लपवलीच पाहिजे हा काही कपड्यांचा आद्य नियम नाही. १९३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये एल्सा स्किआपारेल्ली यांनी भारी पोशाखांवर रंगीत प्लॅस्टिकच्या चेना मुद्दाम दिसतील अशा लावल्या होत्या. पण पातळ कॅम्ब्रिकच्या कुर्त्याच्या गळ्याला ५ क्रमांकाची धातूची चेन लावली तर तिच्या वजनाने गळा खाली लोंबतो आणि चेनच्या दोन्ही बाजूंना कापड झोळ खाते. मागे बकरम लावून काही भागते, पण मग गळा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. उघडी चेन तिथे लावावी जिथे कापड चेनपेक्षा जड आहे.

आपल्या भागात असे कापड म्हणजे घोंगडी. माण-खटावच्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी आता जाकीट आणि पिशव्यांसाठीही कापली जाते. चिंचोक्याची खळ दिलेले हे कापड कडक, जाड आणि केसाळ असते. ते दुमडून चिमटीत धरले की घडी पडत नाही, गोल वळण पडते, आणि सोडले की ते उघडते. इस्त्रीने फार फरक पडत नाही. अशा कापडाला छुपी चेन लावणे म्हणजे गोल वळणाला दातांशी टेकायला सांगणे. ते टेकत नाही आणि लोकरीचे केस बारीक दातांत अडकतात. झाकलेली चेन लावली तर झाकणच इतके उसळते की ते बाहेरच्या बाजूला उघडते. म्हणून घोंगडीच्या जाकिटाला समोरून उघडी चेनच योग्य. घोंगडी दुमडायचीच नाही. कापलेल्या कडेला सुती पट्टी बांधायची, खणाची बांधली तर तिचा रंगही उठून दिसतो. ही बांधलेली कड चेनच्या पट्टीवर अशी ठेवायची की दात दोन्हीकडून चार-पाच मिलिमीटर मोकळे राहतील. चेन खालून सुटणारी, जाड प्लॅस्टिक दातांची घ्यावी. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडच्या पावसात घोंगडी आठवडे ओलसर राहते. धातूचे दात त्यात काळवंडतात आणि लोकरीवर डाग पडतात. प्लॅस्टिकच्या मोठ्या दातांमधून केस झटकूनही काढता येतात.

इथे होणारी चूक वेगळ्या प्रकारची असते. जाकीट पूर्ण होते, चेन बंद केली की समोरची बाजू नागमोडी दिसते. घोंगडीची वीण सैल असते, आणि मशीनच्या फूटखाली जाड कापड पुढे ढकलले जाऊन कड लांबते. चेन मात्र लांबत नाही. कापड २२ इंचांचे २३ झाले आणि चेन २२ राहिली की तो एक इंच लाटांमध्ये साठतो. म्हणून कडेला पट्टी बांधण्याआधी तिच्या मागे २२ इंच मोजून कापलेली सुती नाडीपट्टी धावदोऱ्याने बसवायची आणि घोंगडीची कड तिच्यात सामावून घ्यायची. मग चेन त्या कडेला आधी वरच्या टोकाला, मग खालच्या टोकाला, मग मध्यावर टाचायची. टाचणी जाड कापडात तिरकी जाते, म्हणून हाताने मोठे कच्चे टाके घालणे बरे. शिलाई लांब ठेवावी, सुई १६ किंवा १८ नंबरची, आणि फूटचा दाब एक पायरी कमी. शिवून झाल्यावर जाकीट हँगरवर अडकवून रात्रभर ठेवावे. सकाळी समोरची कड खाली लोंबून चेनच्या टोकाशी झोळ आला असेल, तर नाडीपट्टी कुठेतरी सुटली आहे आणि तेवढाच भाग उसवून पुन्हा बसवावा लागतो.